सहा मिनिटं, मग झाकण

पुण्यात शिकत असताना आमच्या मेसमध्ये बुधवारी रात्री अंडाकरी असायची. ताटात अंडं यायचं ते पिवळट तपकिरी कातडीचं. चमच्याच्या कडेनं ते कापायला गेलं की कापलं न जाता निसटायचं आणि एकदा तर ते थेट शेजाऱ्याच्या भातात जाऊन बसलं. दात लावला की पांढरा भाग करकरायचा, बलक कोरड्या पिठासारखा टाळूला चिकटायचा आणि त्याच्या भोवती राखाडी हिरवी कडा दिसायची. रस्सा मात्र झणझणीत आणि उत्तम असे. म्हणजे स्वयंपाक्याच्या हाताला चव होती, मसाल्याची जाण होती. मग अंड्याचंच काय बिनसत होतं? स्वयंपाकघरात डोकावल्यावर उत्तर मिळालं. संध्याकाळी पाचला सोललेली अंडी रश्श्यात पडत आणि मुलं जेवायला येईपर्यंत, म्हणजे आठ साडेआठपर्यंत, ते मोठं पातेलं भट्टीवर रटरटत राही. अंड्यात मसाला मुरायला हवा ना, असं त्यांचं म्हणणं.

घराघरातही हाच समज आहे, फक्त तीन तासांऐवजी तो वीस पंचवीस मिनिटांवर येतो. मटण जसं रश्श्यात शिजून मऊ होतं आणि चव पिऊन घेतं, तसंच अंड्याचं होईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अंड्याचं गणित मटणाच्या अगदी उलट आहे. मटणातला चिवट भाग ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळतो, म्हणून जास्त वेळ शिजवलेलं मटण मऊ होतं. अंड्याच्या पांढऱ्यात असा विरघळणारा भागच नाही. ते एकदा घट्ट झालं की पुढची प्रत्येक उकळी त्याला आणखी घट्टच करते.

हे का होतं ते दह्याच्या उदाहरणानं चटकन कळेल. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग शेकडा ८८ च्या आसपास नुसतं पाणी असतो आणि उरलेल्यात बहुतेक प्रथिनं. उष्णता लागली की ही प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत पाणी धरून ठेवलेलं असतं, जसं नीट लागलेल्या दह्यात. पण सगळी प्रथिनं एकाच वेळी उलगडत नाहीत. त्यातलं एक सुमारे ६० अंश सेल्सिअसनंतर जमू लागतं, तेव्हा पांढरं नुकतंच धरल्यासारखं, थरथरतं असतं. पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक असलेलं ओव्हाल्ब्युमिन मात्र ८० अंशांच्या आसपास जमतं आणि त्यानंतर अंडं आपण ज्याला उकडलेलं म्हणतो तसं होतं. इथवर सगळं ठीक. यानंतरही आच चालू राहिली तर जाळीचे धागे आवळत जातात आणि आतलं पाणी बाहेर पिळलं जातं. दह्याचा चक्का होतो तसाच अंड्याचाही होतो म्हणा ना, फक्त फडक्याशिवाय. पाणी गेलेलं ते पांढरं म्हणजेच आपण ज्याला वातड म्हणतो ते.

आता प्रश्न मुरण्याचा. एका रविवारी मी एकाच पातेल्यातल्या रश्श्यात पाच अंडी सोडली आणि ठरावीक वेळानं एकेक काढून सुरीनं मधोमध कापून पाहिलं. पाच मिनिटांनी काढलेल्याला वरून हळदीचा रंग चढला होता, आत पांढरंशुभ्र. चाळीस मिनिटांनी काढलेल्याची वरची कड जेमतेम दीड दोन मिलिमीटर पिवळसर होती, त्याच्या आत तेच पांढरं, आणि चव घेतली तर मिठाचा मागमूस नाही. मीठ पाण्यातून सरकत सरकत आत जातं, त्याला जमलेल्या पांढऱ्यातून दहा मिनिटांत साधारण मिलिमीटरभरच वाट कापता येते. तिखटाचे आणि गरम मसाल्याचे वास तर बरेचसे तेलात विरघळणारे. पाण्यानं भरलेल्या पांढऱ्यात ते फार शिरतच नाहीत. म्हणजे चाळीस मिनिटांच्या उकळीत आपण दोन मिलिमीटर चव कमावतो आणि सगळं अंडं घालवतो. हा व्यवहार काही परवडणारा नाही.

तेव्हा रश्श्यात अंडं शिजवायचं नसतं, ते तर आधीच शिजलेलं आहे. ते गरम करायचं असतं आणि रश्श्याशी त्याची ओळख करून द्यायची असते. आच आणि वेळ या दोन्ही गोष्टी इथूनच ठरतात.

सहा अंड्यांचा साधा खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा घेऊ. आधी अंडी. पाणी उकळल्यावर आच मध्यमहून थोडी कमी करून अंडी झाऱ्यानं अलगद सोडायची आणि घड्याळ लावून ९ मिनिटं ठेवायची. फ्रिजमधली असतील तर १०. लगेच उतरवून गार पाण्यात टाकायची, म्हणजे आतली उष्णता पुढे काम करत राहत नाही. एवढ्या वेळात पांढरं पूर्ण जमतं आणि बलक जमलेला पण ओलसर राहतो. अगदी ताजी, आज सकाळी घातलेली अंडी असतील तर ती सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. चार पाच दिवसांची अंडी बरी. जुनं होताना अंड्यातला कर्बवायू कवचातून निघून जातो, पांढरं अल्कधर्मी होतं आणि आतल्या पडद्याला कमी चिकटतं. लचके निघालेलं अंडं रश्श्यात हमखास फाटतं, म्हणून हे इथेच सांगून ठेवलं.

अंडी कुकरमध्ये लावायची सवय असेल तर ती या पदार्थापुरती सोडा. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि दोन तीन शिट्ट्यांमध्ये पांढऱ्याची सगळी सवलत संपून जाते. सवलत हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अंड्याच्या पांढऱ्याला आच सोसायची ठरावीक मुभा असते आणि पहिल्या पातेल्यात ती किती खर्च झाली यावर दुसऱ्या पातेल्यात किती उरली ते ठरतं. पंधरा मिनिटं खदखदा उकळलेलं अंडं रश्श्यात कितीही हळुवार ठेवलं तरी मऊ होणार नाही. राखाडी हिरवी कडाही तिथलीच. पांढऱ्यातून सुटलेला गंधकाचा वायू आणि बलकातलं लोह यांची गाठ पडून ती तयार होते आणि जास्त वेळ, जास्त आच मिळाली की ती जाड होते. खायला काही अपाय नाही, पण अंडं जास्त शिजल्याचा तो दाखला असतो.

आता रस्सा. कोल्हापुरात एका घरगुती खानावळीतल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "रस्सा आधी पुरा होऊ दे बाळ, अंडी मागनं." यात सगळं आलं. दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, आलं, आठ दहा लसूण पाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर घालून वाटण करायचं. चार चमचे तेलात ते परतायचं, तेल सुटेपर्यंत. मग दोन चमचे कांदा लसूण मसाला, हळद, मीठ, वरून साडेतीन वाट्या गरम पाणी. आता हा रस्सा मध्यम आचेवर दहा बारा मिनिटं मनसोक्त उकळू द्यायचा. कच्चा मसाला शिजणं, तर्री वर येणं, मीठ तिखट लागणं, पाणी कमी जास्त करणं, हे सगळं अंडी नसताना. बहुतेकांची चूक इथेच होते. वाटणाला पाणी घातलं की लगेच अंडी टाकायची आणि मग रस्सा शिजेपर्यंत अंडीही शिजत ठेवायची. रश्श्याला जेवढा वेळ लागतो तेवढा अंड्याला नको असतो, एवढंच या दोघांचं भांडण.

रस्सा चाखून पाहिला, हवा तसा झाला, की गॅसची कळ मंदवर आणायची. सहसा हे लहान बर्नरवर करावं, मोठ्या बर्नरची सगळ्यात बारीक ज्योतही कधी कधी जास्त होते. ज्योत नखाएवढी दिसली पाहिजे आणि पातेल्याच्या बुडाला पसरून लागता कामा नये. एक दोन मिनिटं थांबायचं. उकळी शमली की मग अंडी.

रश्श्याची आच डोळ्यांनी ओळखायची तर फुगे बघायचे. खदखदणाऱ्या रश्श्यात मधोमध मोठे फुगे येतात, अंडी उड्या मारतात, पातेल्याच्या कडेला आपटतात. ती १०० अंशांची उकळी. आपल्याला हवी त्या अवस्थेत कडेकडेनं एखाद दुसरा बारीक फुगा येतो, मध्ये नुसती हालचाल असते आणि अंडी जागच्या जागी किंचित डुलतात. तिथे तापमान साधारण ८५ ते ९० अंशांच्या घरात असतं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळतं, पण डोळ्यांना दिसणारी खूण तीच.

आपल्या रश्श्यात मात्र एक फसगत आहे. वर तर्रीचा जाड थर असला की रस्सा शांत दिसतो. तेल पाण्याची वाफ सहज सुटू देत नाही, त्यामुळे वर वाफही कमी आणि खळबळही कमी, आणि खाली रस्सा उकळीच्या अगदी जवळ आलेला असतो. मग एकदम भसकन मोठा बुडबुडा फुटतो आणि ओट्यावर लाल शिंतोडे. तर्रीच्या रश्श्यात वरून बघून निवाडा करू नये. पळीनं तेल बाजूला सारून खाली काय चाललंय ते बघावं. तिथे सतत फुगे चढत असतील तर आच अजून जास्त आहे. कळ आणखी कमी होत नसेल तर बुडाखाली तवा ठेवावा.

घट्ट ग्रेव्हीची तऱ्हा वेगळी. हॉटेलात मिळते तशी काजू टोमॅटोची दाट ग्रेव्ही असेल तर ती पातळ रश्श्यासारखी खालून वर फिरत नाही. बुडाशी तापते, तिथेच अडकते आणि मग चिखलातून फुटावं तसं फट फट करत उडते. तिच्यात बुडाशी टेकलेल्या अंड्याला खालून भलताच चटका बसतो, वरून मात्र ते कोमट. अशा ग्रेव्हीत अंडी घालण्याआधी अर्धी वाटी गरम पाणी घालून ती सैल करावी आणि दीड दोन मिनिटांनी अंडी हलक्या हातानं फिरवावीत. फिरवताना उलथनं किंवा टोकदार पळी नको, पातेलं कानांना धरून हळूच गोल हलवलं तरी पुरतं. इंडक्शनच्या शेगडीवरही जरा जपून. बऱ्याच शेगड्या कमी आकड्यावर मंद जळत नाहीत, त्या काही सेकंद जोरात चालतात आणि काही सेकंद बंद राहतात. त्यामुळे रस्सा झटक्याझटक्यानं उकळतो. तिथे अंडी सोडून दोन मिनिटांत बंद करावं आणि बाकीचं काम झाकणावर सोडावं. चुलीवर तर सोपंच, जळती लाकडं ओढून घ्यायची आणि निखाऱ्यावर पातेलं ठेवायचं.

अंडी सोडण्याआधी दोन कामं. पहिलं म्हणजे ती फ्रिजमधून थेट काढलेली नसावीत. आदल्या रात्री उकडून ठेवलेली असतील तर दहा मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावीत. नाहीतर बाहेरून अंडं वाफाळतं आणि आत बलक गारच राहतो, आणि तो गरम करायच्या नादात पांढऱ्याचा बळी जातो. दुसरं, चिरा. सोललेल्या अंड्याला उभ्या तीन चार चिरा द्याव्यात, सुरीचं टोक साधारण तीन मिलिमीटर आत, बलकाला न लागता. मसाला आतवर पोचवायचा हा एकमेव खरा उपाय. चवीला मोठं अंतर कापता येत नाही ना, मग आपणच तिच्यासाठी पायवाट करून द्यायची. चीर बलकापर्यंत गेली तर मात्र बलक रश्श्यात विरघळतो आणि तर्री गढूळ होते. काहीजण अंडी उभी अर्धी कापून रश्श्यात उकळतात. त्यांची दया येते. अर्धं अंडं घ्यायचंच असेल तर ते ताटलीत ठेवून वरून गरम रस्सा ओतावा.

आता चिरा दिलेली सहा अंडी एका थरात, एकमेकांवर न चढवता, रश्श्यात ठेवायची. त्यासाठी उंच पातेल्यापेक्षा पसरट कढई बरी. रस्सा अंड्यांच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत यावा, उघड्या भागावर पळीनं रस्सा घालत राहावं. तिसऱ्या मिनिटाला अंडी एकदा उलटायची. सहाव्या मिनिटाला गॅस बंद. वर घट्ट झाकण आणि दहा मिनिटं तसंच.

या दहा मिनिटांना कुणी फार भाव देत नाही, पण खरं काम तिथेच होतं. सोललेल्या मध्यम अंड्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. सहा मिनिटांनी बाहेरचं पांढरं चांगलं गरम असतं पण बलकाचा मध्य कोमटच राहिलेला असतो. झाकणाखाली रश्श्यातली उष्णता हळूहळू आत सरकते आणि त्याच वेळी रश्श्याचं तापमानही उतरत जातं, त्यामुळे पांढऱ्यावरचा ताण वाढत नाही. चिरांमध्ये गेलेला रस्साही याच वेळात तिथे बसतो. आच बंद करून मिळणारं हे मुरणं उकळून मिळणाऱ्या मुरण्यापेक्षा कधीही चांगलं.

नीट जमलंय का, हे कसं कळणार? चमच्याच्या कडेनं अंडं दाबलं तर ते जागेवरच, न निसटता, दहीवड्यासारखं कापलं जायला हवं. कापलेला भाग चकचकीत, ओला दिसतो. बलक मध्ये केशरी, किंचित ओलसर आणि कडेला कुठेही राखाडी वळ नाही. जास्त झालेल्या अंड्याचं पांढरं मात्र सुरीखाली दाबलं जाऊन परत उसळतं, कापलेला भाग निस्तेज दिसतो आणि ताटलीत टेकवलं की थेंबभर पाणी सोडतं. ते पाणी म्हणजे जाळीतून पिळलं गेलेलं पाणी. रश्श्यात ते मिसळून जातं म्हणून आपल्याला दिसत नाही इतकंच.

तेलात हळद तिखट घालून उकडलेली अंडी खरपूस परतायची आणि मग ग्रेव्हीत टाकायची, हा प्रकार अनेक घरांत आणि ढाब्यांवर असतो. बंगाली घरांत तर हीच रीत. त्यात वरून फोडांची, चामट अशी सालच मुद्दाम तयार केलेली असते. तापलेल्या तेलात पांढऱ्याच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं, त्यामुळे ती होते. ज्याला ती सालच आवडते त्याला मी काही बोलणार नाही. पण लुसलुशीत अंडं हवं असेल तर हे परतणं अर्ध्या मिनिटावर आणावं, रंग आला की बाहेर. सालही जाड आणि आतलं मऊ, असं दोन्ही मिळत नाही.

गावाकडे अंडी न उकडता थेट रश्श्यात फोडून सोडायची पद्धत आहे, तिचा हिशेब अगदी निराळा. तिथे पांढरं रश्श्यातच पहिल्यांदा जमतं, म्हणून रस्सा सुरुवातीला जरा कढत हवा, नाहीतर पांढऱ्याच्या तारा सुटतात. एकेक अंडं वाटीत फोडून कडेनं सोडायचं, ढवळायचं नाही, झाकण ठेवून मंद आचेवर चार पाच मिनिटं. हे अंडं आधी कधी शिजलेलंच नसल्यानं त्याची सगळी मुभा शाबूत असते आणि म्हणूनच ते उकडलेल्यापेक्षा मऊ लागतं. आमच्या घरी पाहुणे अवचित आले की हेच व्हायचं, कारण उकडा, गार करा, सोला यांना वेळ कुणाकडे होता?

मोठ्या प्रमाणावर करायचं झालं, चाळीस पन्नास माणसांचं, तर मेसवाल्यांची अडचण खरी आहे. मोठं पातेलं मंद आचेवर आणणं सोपं नाही आणि पंगत किती वाजता बसेल त्याचा भरवसा नाही. त्यावरचा उपाय एकच. रस्सा एका पातेल्यात गरम ठेवायचा आणि चिरा दिलेली अंडी वेगळ्या भांड्यात. पंगत बसायच्या पंधरा मिनिटं आधी अंडी रश्श्यात सोडायची आणि आच बंद करायची. मोठ्या पातेल्यातली उष्णता लवकर जात नाही, त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत त्यांना वेगळ्या ज्योतीची गरजच पडत नाही.

उरलेल्याचंही तेच. खोबऱ्याचा रस्सा उन्हाळ्यात बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवताना अंडी रश्श्यातच बुडवून ठेवावीत. रात्रभरात मीठ सावकाश आत जातं आणि दुसऱ्या दिवशी पांढरं आतूनही खारट, चवदार लागतं, तेही न उकळता. परत गरम करताना अंडी काढून बाजूला ठेवावीत, नुसत्या रश्श्याला उकळी आणावी, गॅस बंद करावा आणि मग अंडी घालून झाकावं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र अख्खं अंडं कधीच ठेवू नये. बलकात कोंडलेली वाफ एकदम फुटते, कधी आत, कधी बाहेर काढून काटा टोचल्यावर. अर्धी कापून ठेवलीत तर निदान पुढचा अर्धा तास भिंत पुसण्यात जात नाही.